दुप्पट सरासरी की सर्वांत मोठा आकडा?

१९४३ च्या सुरुवातीला लंडनमधल्या अमेरिकी वकिलातीतील आर्थिक युद्ध विभागाने एक वेगळेच काम हाती घेतले. दोस्त राष्ट्रांच्या हाती लागलेल्या जर्मन सामग्रीवर कारखान्याने कोरलेले क्रमांक जमवायचे आणि त्यांवरून शत्रूचे उत्पादन किती, याचा अंदाज बांधायचा. रणगाड्यांच्या बाबतीत सगळ्यांत उपयोगी पडले ते गिअरबॉक्सवरचे क्रमांक, कारण त्यांची मालिका सलग होती. ऑगस्ट १९४२ मध्ये जर्मनीने किती रणगाडे तयार केले, या प्रश्नाला हेरखात्याचे उत्तर होते १,५५०. क्रमांकांवरून निघालेले उत्तर होते ३२७. युद्ध संपल्यावर जर्मन दप्तरे उघडली, तेव्हा खरा आकडा मिळाला: ३४२. रिचर्ड रगल्स आणि हेन्री ब्रोडी यांनी ही सारी हकिकत १९४७ मध्ये प्रसिद्ध केली.

या अंदाजामागचे गणित शाळेतल्या अंकगणिताने समजण्यासारखे आहे. त्यासाठी एक छोटे, कल्पित उदाहरण घेऊ. एका यंत्रावर १ पासून पुढे क्रमांक घातले जातात, पण शेवटचा क्रमांक कोणता ते ठाऊक नाही. वेगवेगळ्या ठिकाणी पाच यंत्रांच्या पट्ट्यांचे फोटो मिळाले. त्यांवर वाचलेले आकडे असे: ४१, ९६, ११८, १५२ आणि २३३. प्रत्येक यंत्र दृष्टीस पडण्याची शक्यता सारखीच, असे मानायचे. यालाच संख्याशास्त्रात एकसमान वितरण म्हणतात. आता शोधायची आहे ती वरची मर्यादा.

पहिला मार्ग सहज सुचतो. आकडे एकपासून शेवटापर्यंत सारखे विखुरलेले असतील, तर त्यांची सरासरी मालिकेच्या मध्याजवळ यायला हवी. म्हणजे सरासरीची दुप्पट केली की शेवट सापडला. आपल्या पाच आकड्यांची बेरीज ६४०, सरासरी १२८, दुप्पट २५६. मोजणी शून्याऐवजी एकपासून असल्याने त्यातून एक वजा करायचा, उत्तर २५५. ही मोमेंट पद्धत. नमुन्याची सरासरी आणि सिद्धांतातली सरासरी एकमेकींच्या बरोबरीने ठेवायची आणि अज्ञात संख्या सोडवायची, एवढेच तिचे तत्त्व. कार्ल पिअरसन यांनी १८९४ मध्ये नेपल्सच्या खेकड्यांच्या मोजमापांवर ती वापरली होती.

दुसरा मार्ग रोनाल्ड फिशर यांचा, कमाल शक्यतेचा. तो उलटा प्रश्न विचारतो: एकूण यंत्रे किती असती, तर नेमके हेच पाच आकडे दिसण्याची शक्यता सर्वाधिक झाली असती? एकूण यंत्रे २०० असतील, तर २३३ दिसणेच अशक्य. ३०० असतील, तर शक्य आहे. पण तीनशेंतून हेच पाच मिळण्याची संधी कमी. संख्या जितकी लहान, तितकी संधी मोठी. म्हणून शक्यता वाढत वाढत थेट २३३ वर येऊन थांबते आणि त्याखाली एकदम शून्य होते. कमाल शक्यतेचे उत्तर म्हणजे दिसलेला सर्वांत मोठा आकडा.

हे उत्तर तोकडे आहे हे कुणाच्याही लक्षात येईल. नमुन्यातला सर्वांत मोठा आकडा खऱ्या मर्यादेइतका असू शकतो किंवा लहान, मोठा कधीच नाही. पण ही तूट किती असते, ते आधीच सांगता येते. पाच आकडे मालिकेत टाकले की सरासरीने सहा सारखी अंतरे पडतात आणि शेवटचे अंतर आपल्याला दिसत नाही. तेवढे मिळवायचे. २३३ चा पाचवा भाग सुमारे ४७. तो जोडून एक वजा केला की उत्तर येते २७९. लंडनच्या विश्लेषकांचा आधारही या जातीचाच होता.

मग २५५ घ्यायचे की २७९?

दोन्ही रीती दीर्घ पल्ल्यात खऱ्या उत्तराभोवतीच फिरतात. फरक आहे तो डोलण्यात. पाच आकड्यांवर दुप्पट सरासरीची नेहमीची चूक मर्यादेच्या सुमारे २६ टक्के असते, दुरुस्त केलेल्या कमालाची १७ टक्के. आकडे शंभर झाले की पहिली जेमतेम ६ टक्क्यांवर येते, दुसरी एका टक्क्यावर. कारण असे, की सर्वांत मोठा आकडा एकदा कळला की बाकीचे आकडे त्याच्याखाली कसे पसरलेले आहेत याचा मर्यादेशी काही संबंध उरत नाही. मर्यादेबद्दलची सारी माहिती त्या एका आकड्यात असते. सरासरी मात्र सगळ्यांना सारखे मत देते आणि त्या निरुपयोगी मतांचा गोंगाट उत्तरात शिरतो.

त्या गोंगाटातून कधी कधी उघड अशक्य उत्तर निघते. फोटोंवर २३, ३७, ६४, ७१ आणि २०५ हे आकडे वाचले असते, तर सरासरी ८० आणि अंदाज १५९ आला असता. २०५ क्रमांकाचे यंत्र समोर दिसत असताना! पाचच्या नमुन्यात असे साधारण पाचांत एकदा घडते. नमुना मोठा केला की ही विसंगती कमी होईल असे वाटते, पण प्रत्यक्षात ती वाढते. दहा आकड्यांवर सुमारे २८ टक्के वेळा, आणि नमुना फार मोठा झाला की जवळजवळ निम्म्या वेळा दुप्पट सरासरी दिसलेल्या कमालाच्या खाली जाते. मोठ्या नमुन्यात कमाल मर्यादेला अगदी चिकटलेला असतो, आणि सरासरी मात्र अजून मध्याच्या दोन्ही बाजूंना डोलत असते.

तरीही मोमेंट पद्धतीला टाकाऊ म्हणणे अन्यायाचे होईल, आणि ते फोटोंमुळेच कळते. पट्टीवर गंज आहे, प्रकाश तिरपा आहे, आणि २३३ ऐवजी कुणी २८३ वाचले. अंधुक ३ आणि ८ यांत गल्लत सहज होते. दुरुस्त कमाल लगेच ३३९ वर जातो, म्हणजे ६० ने वाढतो. दुप्पट सरासरी २७५ होते, फक्त २० ने. शंभर फोटोंमध्ये हीच चूक कमाल आकड्यावर झाली, तर पहिला अंदाज पन्नासने सरकतो आणि दुसरा केवळ एकाने. ज्या एका आकड्यात सारी माहिती, तोच चुकीचा वाचला की सारे उत्तर बिघडते.

म्हणून व्यवहारात दोन्ही उत्तरे काढून शेजारी ठेवावीत. त्यांत फार मोठी दरी पडली, तर सर्वांत मोठ्या आकड्याचा फोटो पुन्हा पाहावा. त्याच्यातले आणि दुसऱ्या क्रमांकाच्या आकड्यातले अंतर हाही चांगला इशारा आहे. २३३ आणि १५२ मध्ये ८१ चे अंतर आहे, अपेक्षा सुमारे ४७ ची. हे काही विलक्षण नाही. तेच अंतर तीनशे असते, तर एक तर वाचनात चूक, नाही तर क्रमांक वेगवेगळ्या गठ्ठ्यांत दिलेले.

गठ्ठ्यांचा प्रश्न सर्वांत अवघड. मालिका १ ऐवजी ५००१ पासून सुरू होत असेल, तर दुप्पट सरासरी दहा हजारांच्या पुढचे उत्तर देते, आणि कमालात त्याचा पाचवा भाग जोडणेही चुकते. अशा वेळी शून्यापासूनचे अंतर सोडून आकड्यांतले आपसातले अंतर वापरावे लागते. आपल्या पाच आकड्यांत ४१ पासून २३३ पर्यंत १९२ चा विस्तार चार अंतरांत वाटला की प्रत्येकी ४८ येतात. ते २३३ मध्ये मिळवून एक वजा केला की २८० मिळतात. सुरुवात ठाऊक असतानाच्या २७९ च्या अगदी जवळ. मात्र मालिकेत मध्येच रिकाम्या जागा सोडलेल्या असतील, तर हा उपायही लंगडा पडतो. रणगाड्यांच्या चासिसवरचे आणि इंजिनांवरचे क्रमांक वापरणे अधिक किचकट ठरले, तर दोनच अखंड मालिकांत चाललेल्या गिअरबॉक्सच्या क्रमांकांवर विश्लेषकांनी मुख्य भर दिला.