आकडे नेमके कधीपर्यंतचे?

26 जुलै 2005 च्या पावसाचा आकडा मुंबईकरांना तोंडपाठ आहे: सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर. हवामान खात्याच्या नोंदीत मात्र तो 27 जुलैच्या नावावर आहे. खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो, म्हणून 26 च्या सकाळी साडेआठपासून पुढे चोवीस तासांत पडलेले पाणी 27 तारखेला लिहिले जाते. ही वेळ ठाऊक नसलेल्या माणसाला वाटेल, तारखेचा घोळ झाला. ती ठाऊक असली की शंकेला जागाच उरत नाही.

दुकाने, पतसंस्था, दूध संघ, रुग्णालये यांच्याकडे रात्री आपोआप तयार होणाऱ्या अहवालांवर नेमकी हीच वेळ बहुधा नसते. दिवसभराची बिले, जमा-खर्च, शिल्लक माल हे सगळे गोळा करून बेरजा मारायचे काम संगणक मध्यरात्रीनंतर करतो, कारण दिवसा तोच संगणक बिले फाडण्यात गुंतलेला असतो. सकाळी दहाला मालक अहवाल उघडतो तेव्हा आकडे काही तासांचे जुने असतात. त्यात गैर काही नाही. गैर आहे ते त्यांचे वय न सांगणे.

समजा, औषधांच्या एका घाऊक व्यापाऱ्याच्या पाच शाखा आहेत. रात्री एक वाजता प्रत्येक शाखेची माहिती मुख्य कार्यालयात ओढली जाते आणि तीनच्या सुमारास अहवाल तयार होतो. 13 जुलैच्या रात्री एका शाखेचे इंटरनेट बंद होते. चार शाखांची माहिती ताजी आली, पाचवीची 12 तारखेचीच राहिली. सकाळी पडद्यावर इन्सुलिनच्या 40 कुप्या शिल्लक दिसल्या, म्हणून खरेदी विभागाने नवी मागणी नोंदवली नाही. त्यातल्या 25 कुप्या त्या पाचव्या शाखेने 13 तारखेलाच विकलेल्या होत्या.

अहवालावर वेळ नव्हती असेही नाही. वर ठळक लिहिले होते, ‘14 जुलै, सकाळी 10:05’. पण ती पान उघडल्याची वेळ होती. अशी वेळ मुळीच नसलेली बरी. ती शिळ्या आकड्यांना ताजेपणाचा दाखला देते. ओळखायची खूण सोपी आहे: पान पुन्हा उघडा. वेळ पुढे सरकली आणि आकडे तसेच राहिले, तर ती वेळ आकड्यांची नव्हे.

मग छापायची कोणती? काम संपल्याची वेळही पुरत नाही, कारण तीन वाजता संपलेल्या कामात परवाची माहिती असू शकते, हे वर दिसलेच. प्रत्येक शाखेची माहिती यशस्वीपणे आली, की ती कोणत्या क्षणापर्यंतची आहे हे एका तक्त्यात त्या शाखेच्या एकाच ओळीत, जुनी वेळ बदलून, नोंदवावे आणि त्यातली सर्वांत जुनी वेळ अहवालाच्या माथ्यावर घालावी:

```
SELECT MIN(data_upto) FROM branch_loads;
```

एकूण बेरीज तिच्यातल्या सर्वांत जुन्या आकड्याइतकीच ताजी असते. इथे शेवटच्या बिलाची वेळ घेण्याचा मोह होतो, पण तो टाळावा. रविवारी बंद असलेल्या शाखेचे शेवटचे बिल शनिवारचे असते, तरी तिची माहिती पूर्ण असते.

आणखी एक चूक फक्त रात्रीच घडते, म्हणून ती सापडायला वेळ लागतो. पुष्कळ सर्व्हरांचे घड्याळ जागतिक प्रमाणवेळेवर, म्हणजे भारताच्या साडेपाच तास मागे चालते. आपल्याकडे 14 जुलैचा रात्रीचा एक वाजतो तेव्हा त्या घड्याळात 13 जुलैचे साडेसात वाजलेले असतात. ‘कालची विक्री काढ’ असे सांगितले तर तो इमानाने 12 तारखेची काढतो. हाच कार्यक्रम भर दुपारी तपासला, तर उत्तर बरोबर येते! म्हणून ‘काल’ मोजताना भारतीय वेळ स्पष्टपणे सांगावी लागते आणि छापतानाही तीच लिहावी लागते. कोविडच्या काळात केंद्रीय आरोग्य मंत्रालय रुग्णसंख्येबरोबर ‘सकाळी 8 वाजेपर्यंत, भारतीय प्रमाणवेळ’ अशी नोंद देत असे. आकडे तेच, पण वाचणाऱ्याला संध्याकाळच्या बातमीतला आकडा वेगळा का, हे कळत असे.

त्या व्यापाऱ्याच्या अहवालावर एवढी एक ओळ पुरली असती: ‘आकडे 12 जुलै, रात्री 11:59 पर्यंतचे (भारतीय वेळ). चार शाखांची माहिती 13 जुलैपर्यंतची. एका शाखेची आलेली नाही.’ ही ओळ तळटीपेत नको, आकड्याच्या शेजारीच हवी. कारण लोक पडद्याचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवतात आणि तळटीप मागे राहते. एक्सेलमध्ये उतरवून घेतलेल्या प्रतीतही ती असावी.

तुमच्या कार्यालयात असा रात्रीचा अहवाल येत असेल, तर उद्या तो तयार करणाऱ्याला एवढेच विचारा: वर छापलेली वेळ कशाची आहे आणि एखादी शाखा राहून गेली तर ती बदलते का?