हौदातलं पाणी आणि मे महिन्यातलं दूध

मे महिन्यात दूध घटलं की गोठ्यात पहिली चर्चा पेंडीची होते, मग औषधाची. हौदात हात घालून पाणी किती गरम आहे ते मात्र फारसं कुणी बघत नाही. वास्तविक दुधाचा 87 टक्के भाग पाणीच असतो. गाईच्या पोटात ते गेलं नाही, तर महागडी पेंड घालूनही दूध वाढत नाही.

सोलापूर-सांगोल्याकडच्या एखाद्या गोठ्यातली, रोज 12 लिटर दूध देणारी संकरित गाय घ्या. शरीर चालवायला तिला साधारण 28 लिटर पाणी लागतं आणि दुधाच्या प्रत्येक लिटरमागे आणखी तीन लिटर. म्हणजे थंडीच्या दिवसांत 64 लिटर झाले. कडक उन्हाळ्यात धापा टाकण्यात आणि घामात पाणी जातं, त्यामुळे ही गरज दीडपटीवर, म्हणजे 95 लिटरच्या आसपास जाते. यातलं काही चाऱ्यातून मिळतं. 20 किलो हिरव्या मक्यात 15 लिटरभर पाणी असतं, पण वाळलेल्या कडब्यात जवळजवळ काहीच नसतं. हिरवा चारा संपला की सगळी भिस्त हौदावर येते. आता त्याच गाईला सकाळ-संध्याकाळ 15 लिटरच्या दोन-दोन बादल्या दाखवल्या, तर दिवसाचे 60 लिटरच होतात. तूट 35 लिटरची आहे, आणि ती गाय दूध कमी करून भरून काढते.

म्हणून गाय पाण्यावर सोडण्यापेक्षा पाणी तिच्यासमोर कायम असणं महत्त्वाचं. धार काढल्यावर तिला सर्वांत जास्त तहान लागते, तेव्हा हौद भरलेला हवा. उन्हाच्या दिवसांत जनावरं चारा रात्री जास्त खातात, त्यामुळे रात्री रिकामा पडलेला हौद दुपारच्या रिकाम्या हौदाइतकाच नुकसान करतो.

पाणी आहे, तरी गाय दोन घोट घेऊन मान वर करते, असं दिसलं तर कारण बहुधा ऊन किंवा घाण असतं. काळी प्लास्टिकची टाकी आणि जमिनीवर उघडी पडलेली काळी नळी दुपारपर्यंत पाणी चांगलंच तापवतात. नळी फूटभर खोल पुरावी, टाकीवर पांढरा रंग द्यावा, ओलं गोणपाट गुंडाळावं. हौदाला लिंबाची नाहीतर छपराची सावली द्यावी. नळीत तापलेलं पहिलं पाणी झाडांना सोडून मग हौद भरावा. हौद अवाढव्य बांधण्याचा मोह मला चुकीचा वाटतो. पाच फूट लांब, दोन फूट रुंद, दीड फूट खोल हौदात सव्वाचारशे लिटर पाणी मावतं. चार गाईंना दिवसभर ते पुरतं आणि दुसऱ्या दिवशी ताजं भरता येतं. मोठ्या हौदात पाणी शिळं होतं.

घाण येते ती मुख्यतः गाईच्या तोंडातूनच. गव्हाणीला लागून हौद असेल तर पेंडीचा चोथा पाण्यात पडतो, आंबतो आणि तळाशी चिकट थर धरतो. हौद गव्हाणीपासून दहा-पंधरा फुटांवर ठेवावा. आतल्या भिंतीवरून बोट फिरवा. बुळबुळीत लागलं तर घासायची वेळ कधीच उलटून गेली आहे. तळाला उतार आणि उताराच्या टोकाला बूच असेल तर हौद पाच मिनिटांत रिकामा होतो. उन्हाळ्यात आठवड्याला तो काथ्याने घासावा आणि पंधरवड्याला आतून चुना लावावा. चुन्याने शेवाळ धरत नाही आणि तळ पांढरा राहिल्यामुळे घाणही लगेच दिसते. चुना पूर्ण सुकल्यावर, एकदा पाणी फिरवून ओतून दिल्यावरच हौद भरावा. तोवर जनावरांना बादल्यांनी पाणी द्यावं.

शेळीची गोष्ट थोडी वेगळी. दुभत्या शेळीला उन्हाळ्यात पाच ते आठ लिटर पुरतात, पण लेंड्या पडलेल्या किंवा वास येणाऱ्या पाण्याला ती तोंड लावत नाही. तिला हौदात उतरू देऊ नये. कठडा तिच्या छातीएवढा उंच ठेवून बाहेर विटांची एक पायरी करावी. पुढचे पाय पायरीवर ठेवून ती पिते आणि लेंड्या बाहेरच पडतात. करडांसाठी उथळ भांडं वेगळं ठेवावं, म्हणजे ती हौदात पडून दगावणार नाहीत.

पाणी कमी पडतंय हे जनावर सांगतं. शेण घट्ट होतं, मूत्र गडद पिवळं होतं, डोळे खोल जातात. मानेची कातडी चिमटीत धरून सोडली तर जागेवर जायला वेळ लागतो. असं जनावर एकदम हौदावर सोडू नका. फार तहानलेलं जनावर, विशेषतः वासरू, भराभर पाणी प्यालं तर रक्तातल्या पेशी फुटून लाल लघवी होऊ शकते आणि जीवही जाऊ शकतो. थोडं थोडं पाणी थांबून थांबून द्या, आणि डॉक्टरांना बोलवा.