दोरीवरची लाट कुठे निघाली?

ताणलेल्या लांब दोरीचं एक टोक एका लयीत वरखाली हलवत राहिलं, की दोरीवरून लाट धावते. समजा, तिचं समीकरण असं आहे:

y = 0.02 sin(5x + 40t)

x म्हणजे दोरीवरची जागा, t म्हणजे वेळ. त्या जागी, त्या क्षणी दोरी मूळ रेषेपासून किती वर किंवा खाली आहे, ते y सांगतो. अंतरं मीटरमध्ये, वेळ सेकंदांत.

साइनची किंमत १ च्या वर किंवा उणे १ च्या खाली कधीच जात नाही. त्यामुळे दोरी फार तर ०.०२ मीटर, म्हणजे २ सेंटिमीटर वर जाते आणि तेवढीच खाली. हा आयाम. शेंड्यापासून तळापर्यंतचे ४ सेंटिमीटर म्हणजे आयाम नव्हे. तो मूळ रेषेपासूनच मोजायचा.

तरंगलांबीसाठी दोरीचा फोटो काढला आहे असं समजा. फोटोत वेळ गोठलेली असते, बदलतो तो फक्त x. कंसातली संख्या २π ने, म्हणजे सुमारे ६.२८ ने वाढली की साइन पुन्हा पहिल्या जागी येतो. 5x एवढा वाढायला x ६.२८ ÷ ५, म्हणजे १.२६ मीटर पुढे सरकावा लागतो. लागोपाठच्या दोन शेंड्यांमध्ये तेवढं अंतर आहे.

आता वेग आणि दिशा. त्यासाठी एकच शेंडा धरायचा आणि त्याच्यावरची नजर हलू द्यायची नाही. कंसाची किंमत १.५७ झाली की साइन १ होतो, तिथे शेंडा. सुरुवातीला, t शून्य असताना, 5x = 1.57, म्हणजे शेंडा ०.३१ मीटरवर आहे. ०.१ सेकंदाने 40t चे ४ झाले. बेरीज १.५७ च राहायची तर 5x ला उणे २.४३ व्हावं लागतं, म्हणजे x उणे ०.४९. शेंडा ०.१ सेकंदात ०.८ मीटर मागे गेला: वेग सेकंदाला ८ मीटर, दिशा उणे x ची. ४० ला ५ ने भागलं तरी हेच ८ येतात, पण दिशा मात्र त्या भागाकारातून कळत नाही.

दिशेच्या बाबतीत ‘उणे चिन्ह दिसलं की लाट उलटी’ असं पाठ करणारे हमखास चुकतात. x आणि t यांची चिन्हं सारखी असतील तर लाट उणे दिशेला जाते, विरुद्ध असतील तर अधिक दिशेला. त्यामुळे sin(40t − 5x) ही लाट अधिक दिशेचीच.

हे ८ मीटर लाटेचे आहेत, दोरीचे नाहीत. दोरीचा प्रत्येक कण जागच्या जागी वरखाली होतो, आणि त्याचा कमाल वेग ०.०२ × ४०, म्हणजे सेकंदाला ०.८ मीटरच असतो.

समीकरण y = 0.02 sin(5x) cos(40t) असं असेल, तर मात्र दिशा शोधू नये. इथे x आणि t एका कंसात नाहीत. प्रत्येकी १ सेंटिमीटर आयामाच्या दोन लाटा समोरासमोरून येऊन एकमेकींत मिसळल्या आहेत, आणि दोरीवरचे काही बिंदू अजिबात हलत नाहीत.