दमट खोलीचा एसी : टन किती, इन्व्हर्टर का आणि दुरुस्तीला कोण येणार?

एसी घ्यायला दुकानात गेलं, की विक्रेता पहिला प्रश्न विचारतो, ‘‘खोली केवढी?’’ आपण सांगतो, दहा बाय बारा. दुसरा प्रश्न, ‘‘मजला कितवा?’’ वरचा म्हटलं, की लगेच उत्तर येतं, ‘‘मग दीड टनच घ्या, साहेब. एक टन पुरायचा नाही.’’ नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात या सल्ल्याने फारसं बिघडत नाही. पण रत्नागिरी, अलिबाग, मुंबई, पणजी अशा समुद्राकाठच्या गावांत तोच सल्ला महागात पडू शकतो. का, ते समजून घेऊ.

आधी हा ‘टन’ म्हणजे काय? तो यंत्राच्या वजनाचा नव्हे. पूर्वी थंडावा बर्फाने मोजत. सुमारे नऊशे किलो, म्हणजे एक अमेरिकन टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढी उष्णता खोलीबाहेर काढण्याची ताकद म्हणजे एक टन. आजच्या मापात ती साधारण ३,५०० वॅट होते. हे वॅट विजेच्या खर्चाचे नाहीत, बाहेर फेकल्या जाणाऱ्या उष्णतेचे आहेत. एसीच्या स्टार लेबलवर ही क्षमता वॅटमध्ये छापलेली असते. ‘दीड टन’ म्हणून विकलं जाणारं प्रत्येक यंत्र पुरतं ५,२५० वॅटचं असेलच असं नाही. म्हणून टनाचा आकडा ऐकावा, पण लेबलवरचा वाचावा.

आता रत्नागिरीतली एक खोली धरू. दहा बाय बारा फूट, वर उघडा स्लॅब, एक भिंत पश्चिमेला, पडदा लावलेली एक खिडकी, आणि झोपणारी तीन माणसं. मे महिन्यातल्या दुपारचा ढोबळ हिशेब असा : तापलेला स्लॅब सुमारे ९०० वॅट उष्णता आत सोडतो. भिंती आणि खिडकी मिळून ७००. तीन माणसांची ३५०. पंखा, दिवा, टीव्ही यांची १५०. आणि दार-खिडक्यांच्या फटींतून येणाऱ्या हवेची ४००. बेरीज अडीच हजार वॅट. म्हणजे ३,५०० वॅटचा एक टन या खोलीला पुरतो, वर थोडा हातचाही राहतो. खोली बारा बाय पंधराची असती, किंवा काचेची मोठी भिंत असती, तर मात्र दीड टन योग्य ठरला असता.

यातल्या फटींतल्या हवेकडे जरा लक्ष द्या. तिच्या ४०० वॅटपैकी बहुतेक भार गरमीचा नसून पाण्याचा आहे. बाहेर ३३ अंश आणि सत्तर टक्के आर्द्रता असेल, तर ती हवा आणि आपले श्वास-घाम मिळून या खोलीत तासाला अर्धा लिटरहून अधिक पाणी वाफेच्या रूपात येतं. एसीला हे पाणी आतल्या थंड कॉइलवर दवासारखं जमवून नळीतून बाहेर सोडायचं असतं. २५ अंशांच्या सुखद खोलीसाठी ती कॉइल साधारण १५ अंशांच्या खाली असावी लागते, आणि तशी बराच वेळ राहावी लागते.

आता याच खोलीत दीड टनाचा साधा, म्हणजे एकाच वेगाने चालणारा एसी बसवला, तर काय होईल? तो काही मिनिटांत हवा २४ अंशांवर आणतो आणि कॉम्प्रेसर बंद पडतो. कॉइलवर पाणी नुकतंच जमलेलं असतं. त्यातलं थोडंच नळीपर्यंत पोचतं. आतला पंखा फिरतच असतो, त्यामुळे उरलेलं पाणी वाळून पुन्हा खोलीत येतं. हवा थंड, पण चिकट. चादर ओलसर लागते, कपाटातल्या कपड्यांना कुबट वास येतो. मग माणसं २४ चे २० करतात. बिल वाढतं, दमटपणा मात्र फारसा हटत नाही. ही खूण ओळखायला घड्याळाच्या आकाराचा छोटा आर्द्रतामापक पुरतो. तापमान २५ आणि आर्द्रता पन्नास ते साठ टक्के असेल तर ठीक. तासभर चालूनही ती सत्तरच्या वर राहत असेल, तर यंत्र मोठं पडलं आहे किंवा फटींतून फार हवा येते आहे.

इन्व्हर्टरचा उपयोग इथे होतो. त्याचा कॉम्प्रेसर बंद-चालू होण्याऐवजी आपला वेग कमी-जास्त करतो. रात्री स्लॅब निवला आणि भार हजार वॅटवर आला, की तो हळू पण सलग चालतो; पाणी ठिबकत राहतं आणि वीज वाचते. मात्र यालाही मर्यादा आहे. फार मोठं यंत्र घेतलं, तर अगदी कमी वेगात कॉइल पुरेशी गार राहत नाही आणि पाणी नीट जमत नाही. म्हणून इन्व्हर्टर आहे म्हणून खुशाल मोठा घ्या, हे खरं नाही. पावसाळ्यात पंख्याचा वेग कमी ठेवावा किंवा ‘ड्राय’ मोड वापरावा.

बिलाचा अंदाजही लेबलवरच मिळतो. तिथे दिलेली वार्षिक युनिट १,६०० तासांची असतात. म्हणजे रोज आठ तास धरले तर दोनशे दिवस. लेबलवर ८०० युनिट असतील, तर सरासरी तासाला अर्धं युनिट. आपले तास त्याने गुणावेत. रोज जेमतेम तासभरच लावणार असाल, तर इन्व्हर्टरची जादा किंमत वसूल व्हायला बरीच वर्षं लागतात.

आता ब्रँड. इन्व्हर्टर एसीचा मेंदू म्हणजे बाहेरच्या युनिटमधलं पीसीबी. खारी हवा, कमी-जास्त होणारा विजेचा दाब आणि आत शिरणारी पाल हे त्याचे शत्रू. ‘कॉम्प्रेसरला दहा वर्षांची वॉरंटी’ या मोठ्या अक्षरांत पीसीबी येत नाही, गळक्या कॉइलची दुरुस्ती आणि नवा गॅसही बहुधा येत नाही. म्हणून दुकानात तीनच गोष्टी विचाराव्यात आणि लेखी घ्याव्यात : पीसीबीची वॉरंटी किती वर्षं? कॉइलची आणि गॅसची किती? आणि आपल्या तालुक्यात कंपनीचं सेवा केंद्र कुठे आहे? दुकानदाराचं उत्तर पुरेसं मानू नये. त्याच कंपनीचा एसी असलेल्या शेजाऱ्याला विचारावं, की मे महिन्यात तक्रार केल्यावर माणूस किती दिवसांनी आला. समुद्राकाठी कॉइल तांब्याची आणि गंजरोधक लेप असलेली पाहावी. अ‍ॅल्युमिनियमची कॉइल गळाली तर जागेवर दुरुस्त करणं अवघड जातं.

एसी बसवतानाही दोन गोष्टींवर नजर ठेवावी. जोडणीनंतर मेकॅनिकने व्हॅक्यूम पंप लावून पाइपातली हवा आणि ओल काढायला हवी. थोडा गॅस सोडून हवा ढकलून देण्याची पळवाट चालू देऊ नये. आणि बाहेरचं युनिट अशा जागी बसवावं, जिथे मेकॅनिक उभा राहू शकेल. खिडकीबाहेर अधांतरी टांगलेल्या युनिटला हात लावायला कोणी तयार होत नाही, मग ब्रँड कितीही नावाजलेला असो.