दहाव्या पावलाला उणे सतरा हजार

y′ = −1000(y − cos t) − sin t हे समीकरण घ्या. सुरुवातीला y = 1 असेल तर उत्तर आहे cos t, म्हणजे 1 आणि −1 यांच्यात संथ झुलणारी रेषा. आता ते संगणकावर ऑयलरच्या पद्धतीने सोडवा: आत्ताचा उतार काढायचा, त्या दिशेने h एवढं पाऊल टाकायचं, पुन्हा उतार काढायचा. h = 0.01 ठेवलं, तर पहिल्या पावलाला चूक होते फक्त 0.00005. पाचव्या पावलाला ती 0.3 होते, सातव्याला 24, आणि दहाव्या पावलाला उत्तर येतं सुमारे −17,400.

गोम त्या 1000मध्ये आहे. खऱ्या समीकरणात मूळ रेषेपासून झालेली कोणतीही ढळ 0.01 सेकंदात जवळजवळ नाहीशी होते. ऑयलरच्या पद्धतीत मात्र प्रत्येक पावलाला जुनी चूक 1 − 1000h ने, म्हणजे इथे −9 ने गुणली जाते. विझायला हवी ती चूक नऊपट होते आणि दर वेळी चिन्हही बदलते. उत्तर असं वर-खाली उसळू लागलं की रोग ओळखावा.

ढळ विझण्याचा दर λ मानला (इथे −1000), तर hλ च्या ज्या किमतींना चूक वाढत नाही, त्यांच्या समूहाला निरपेक्ष स्थैर्याचा प्रदेश म्हणतात. ऑयलरसाठी तो संमिश्र प्रतलावर −1 भोवतीची, 1 त्रिज्येची चकती. आपला hλ होता −10, म्हणजे चकतीच्या कितीतरी बाहेर. आत राहायचं तर h 0.002 च्या खाली हवा; t = 100 पर्यंत जायला निदान 50,000 पावलं, आणि तीही संथ cos t साठी!

मग अधिक अचूक पद्धत वापरावी? चौथ्या क्रमाच्या रुंगे-कुट्टाची मर्यादा −2.785 च्या आसपास आहे, आणि −10 ला ती चूक 291 पट करते. उलट जास्तच बिघडलं. कारण अशा एक्स्प्लिसिट पद्धतींत गुणक hλ ची बहुपदी असतो, आणि hλ मोठा झाला की बहुपदी अनंताकडे पळतेच. बहुपदी बदलून ही पळापळ थांबत नाही.

इम्प्लिसिट ऑयलर उतार पावलाच्या शेवटी घेते. तिचा गुणक 1/(1 − hλ); h = 0.1 ठेवला तरी 1/101. हजार पावलांत t = 100 गाठता येतं आणि चूक 0.00005 च्या आसपास राहते. त्याची किंमत म्हणजे प्रत्येक पावलाला एक समीकरण सोडवावं लागतं. हजारो चलांच्या समीकरण-संचात हे काम जड असतं. 1952 साली कर्टिस आणि हिर्शफेल्डर यांनी अशा समीकरणांना ‘स्टिफ’ म्हटलं. डालक्विस्टने 1963 मध्ये दाखवलं की कोणतीही एक्स्प्लिसिट रेषीय बहुपद-पद्धत λ च्या सगळ्या ऋण दरांना पुरी पडू शकत नाही.

तुमच्या `solve_ivp` मधलं `RK45` गुळगुळीत उत्तरावरही मुंगीच्या पावलांनी चालत असेल, तर अचूकतेची मर्यादा सैल करत बसू नका. `method='Radau'` लावून पाहा.