बोलीतला पगार आणि पत्रातला पगार

गेल्या वर्षी आमच्या पनवेलचा एक तरुण फिटर हातात नेमणुकीचे पत्र घेऊन आमच्याकडे आला. तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याने फोनवर त्याला "महिना तीस हजार" सांगितले होते. पत्रात वर्षाचे ३,६०,००० लिहिले होते. बाराने भागले तर तीस हजारच येतात. मग तक्रार कसली? तक्रार पत्राला जोडलेल्या तक्त्यात होती.

ती ३,६०,००० ची रक्कम म्हणजे पगार नव्हे, तर मालकाचा एकूण खर्च, ज्याला सीटीसी म्हणतात. त्यात मालकाने भरावयाचा भविष्यनिर्वाह निधी दरमहा १,८०० आणि ग्रॅच्युइटीची तरतूद ७२१ धरली होती. ती वजा जाता ढोबळ पगार राहिला २७,४७९. त्यातून कामगाराचा स्वतःचा निधी १,८०० आणि व्यवसायकर २०० गेला की हाती पडणार २५,४७९. जुन्या नोकरीत त्याच्या हाती २६,००० पडत होते! निधी त्याच्याच खात्यात साठतो हे खरे; पण ग्रॅच्युइटी कायम कामगाराला सामान्यतः पाच वर्षे सलग नोकरी झाल्यावरच मिळते, आणि घरभाडे तर दरमहा द्यावे लागते.

तेव्हा उत्तर लिहिण्यापूर्वी पहिला प्रश्न हा, की फोनवरचा आकडा कोणता होता: हाती पडणारा, ढोबळ, की एकूण खर्चाचा? फोनवर हे विचारले नसेल, तर मालकाने फसवलेच असे म्हणता येत नाही. म्हणून आरोप न करता खुलासा मागावा. आम्ही त्याच्याकडून एवढेच लिहवून घेतले:

"आपले पत्र मिळाले. अमुक तारखेला फोनवर दरमहा ३०,००० रुपये सांगितले होते. तो ढोबळ पगार असे मी समजलो. तक्त्याप्रमाणे तो २७,४७९ येतो. या २,५२१ रुपयांच्या फरकाचा खुलासा करून सुधारित पत्र द्यावे, ही विनंती. ते येईपर्यंत मी स्वीकृती दिलेली नाही."

हे पत्र ईमेलने, आणि सहीपूर्वी गेले पाहिजे. तोंडी करारही कायद्याने करारच असतो. परंतु अटी एकदा लेखी होऊन त्यांवर सही झाली, की त्या खोडणारा तोंडी पुरावा सहसा चालत नाही. "यापूर्वीची सर्व बोलणी रद्द" असे कलम पत्रात असेल तर वाट अधिकच बंद होते. आणखी एक चूक पुष्कळ जण करतात: सुधारित पत्र हाती येण्याआधीच जुन्या नोकरीचा राजीनामा देतात. मग मागे हटायला जागा उरत नाही, आणि समोरच्यालाही ते कळते.

अशा पत्राने मालकावर सक्ती होत नाही. तो नाही म्हणू शकतो. या मुलाला तीस हजार मिळाले नाहीत. मूळ वेतन तेच ठेवून ढोबळ पगार २९,००० झाला, म्हणजे हाती २७,०००. जुन्यापेक्षा हजार रुपये अधिक आहेत हे पाहून त्याने सही केली. त्या आधी मात्र सुधारित तक्ता त्याने स्वतः, ओळ न् ओळ, बेरीज-वजाबाकी करून तपासला.