विश्लेषण : परदेशी पेटंटमधला ‘दावा क्रमांक १’ आपली वाट अडवतो का?

ठिबक सिंचनाच्या फिल्टरमध्ये गाळ आणि शेवाळ साचले की पाण्याचा दाब पडतो आणि जाळी काढून धुवावी लागते. समजा, जळगाव परिसरातल्या एका वर्कशॉपवाल्याने यावर उपाय काढला. फिल्टरमधून वाहणाऱ्या पाण्यानेच एक छोटे चक्र फिरते, चक्राला जोडलेला ब्रश जाळी घासतो आणि ठरावीक फेऱ्या झाल्या की गिअरमुळे तळाचा व्हॉल्व्ह उघडून गाळ बाहेर पडतो. वीज लागत नाही. पेटंटसाठी अर्ज करण्यापूर्वी त्याने इंटरनेटवर शोध घेतला, तर एक चिनी पेटंट सापडले. त्याचे इंग्रजी भाषांतर संगणकाने केलेले. त्यातही जाळी आहे, ब्रश आहे. मग अर्जावर पैसे घालायचे की विषय सोडून द्यायचा? उदाहरण काल्पनिक आहे, पण हा पेच अनेक संशोधकांपुढे येतो. उत्तर बहुतेकदा पेटंटच्या दाव्यांत दडलेले असते.

स्वतंत्र आणि अवलंबित दावा म्हणजे काय?

पेटंटमधले वर्णन आणि आकृत्या शोध समजावून सांगतात. हक्क कुठपर्यंत, हे मात्र दावे ठरवतात. खरेदीखतात जशी चतुःसीमा लिहिलेली असते, तसेच हे. या चिनी पेटंटमध्ये चार दावे आहेत असे धरू. दावा १ : टाकी, तिच्या आत दंडगोल जाळी, जाळीला आतून टेकलेला ब्रश आणि ब्रश फिरवणारी मोटर असलेला फिल्टर. दावा २ : दावा १ नुसारचा फिल्टर, ज्यात जाळीच्या दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक मोजणारे सेन्सर आहेत. दावा ३ : दावा २ नुसारचा फिल्टर, ज्यात हा फरक ०.५ बारच्या वर गेला की ब्रश सुरू होतो. दावा ४ कडे नंतर येऊ.

दावा १ कुणाचाही आधार घेत नाही, म्हणून तो स्वतंत्र. दावा २ आणि ३ अवलंबित आहेत. दावा ३ वाचताना दावा १ आणि २ मधली प्रत्येक गोष्ट त्यात आहेच असे धरायचे. म्हणजे दाव्याचा क्रमांक वाढतो तशी साखळी लांबते आणि हद्द आक्रसते.

इथेच नवख्या वाचकाची गफलत होते. त्याची नजर आकड्यावर जाते. ‘यांचा फरक ०.५ बारचा, माझा ०.४ चा, मी सुटलो,’ असे त्याला वाटते. पण दावा १ मध्ये आकडाच नाही. आकडा बदलून तो फक्त दावा ३ मधून बाहेर पडतो. उलट दावा १ मधला एक जरी घटक त्याच्या यंत्रात नसेल, तर त्यावर उभे असलेले सगळे दावे एकदम बाजूला होतात. (घटक वगळण्याऐवजी फक्त तेच काम तसेच करणारा दुसरा घटक बसवला असेल, तर न्यायालय दोन्ही सारखेच मानू शकते. ही मेख लक्षात ठेवावी.) म्हणून वाचन स्वतंत्र दाव्यापासून सुरू करावे आणि एका पेटंटमध्ये असे दावे एकाहून अधिक असू शकतात हेही विसरू नये.

भाषांतर कुठे दगा देते?

आपल्या वर्कशॉपवाल्याच्या फिल्टरला मोटर नाही, म्हणजे तो दावा १ च्या बाहेर दिसतो. आता दावा ४ पाहू. इंग्रजी भाषांतरात तो असा दिसतो : ‘दावा १ नुसारचा फिल्टर, ज्यात मोटर ही मोटर आहे.’ वाचून हसू येईल, पण हा धोक्याचा इशारा आहे. अवलंबित दावा काही ना काही भर घालण्यासाठीच लिहिलेला असतो. त्याने काहीच भर घातलेली दिसत नसेल, तर मुळात दोन वेगळे शब्द असावेत आणि भाषांतराने दोन्हींसाठी एकच शब्द वापरला असावा, अशी शंका घ्यावी. हे तपासायला चिनी यायची गरज नाही. मूळ मजकुरात दावा १ आणि दावा ४ मधल्या त्या जागची अक्षरे शेजारी ठेवून सारखी आहेत का, एवढे पाहता येते. वेगळी निघाली, तर त्या दोन ओळी तरी जाणकाराकडून भाषांतरित करून घ्याव्यात.

समजा, दावा १ मध्ये मुळात ‘ब्रश फिरवणारी यंत्रणा’ आहे आणि ‘विजेची मोटर’ फक्त दावा ४ मध्ये. मग सारे चित्र पालटते. पाण्याचे चक्र हीदेखील ब्रश फिरवणारी यंत्रणाच. दावा ४ मुळेच कळते, की दावा १ विजेपुरता मर्यादित नव्हता.

जर्मन पेटंटमध्ये ‘दावा १ नुसार’ याचे भाषांतर ‘दावा १ नंतर’ असे झालेले आढळू शकते, कारण मूळ शब्दाचे दोन्ही अर्थ होतात. तसे झाले तर अवलंबित दावा स्वतंत्र वाटू लागतो.

चिनी पेटंटचा भारतात किती अडसर?

पेटंटचा हक्क देशापुरता असतो. त्याच शोधासाठी भारतात पेटंट घेतलेले नसेल, तर चीनमधल्या पेटंटच्या जोरावर इथले उत्पादन थांबवता येत नाही. भारतातला अर्ज पेटंट कार्यालयाच्या InPASS या शोधसेवेत कंपनीच्या नावाने पाहता येतो. मात्र आंतरराष्ट्रीय अर्जाला भारतात यायला पहिल्या अर्जापासून ३१ महिने मिळतात, त्यामुळे पेटंट ताजे असेल तर पुन्हा पाहावे. क्रमांकाच्या शेवटचे अक्षरही बघावे. CN क्रमांकापुढे A असेल तर तो नुसता प्रसिद्ध झालेला अर्ज, B म्हणजे मंजूर पेटंट. A मधले दावे B मध्ये बरेचदा आखडलेले असतात.

आपल्याला पेटंट मिळेल का, हा प्रश्न मात्र निराळा आहे आणि तिथे देशाची सीमा चालत नाही. जगात कुठेही आधी प्रसिद्ध झालेला मजकूर नावीन्य घालवतो, मग तो दाव्यात असो वा वर्णनात. त्या चिनी वर्णनात ‘ब्रश पाण्याच्या प्रवाहाने फिरणाऱ्या चक्रानेही चालवता येईल’ असे एक वाक्य असेल, तर पाण्याच्या चक्रावर चालणारा ब्रश एवढ्यावरच पेटंट मागण्यात अर्थ उरत नाही. त्यामुळे दावे वाचून झाले की वर्णनही शेवटपर्यंत चाळावे लागते.

मग अर्ज करावा का?

या उदाहरणात करावा, पण दावा बदलून. वर्णनभर शोधूनही फेऱ्या मोजून गाळाचा व्हॉल्व्ह उघडणारी गिअरची जोडणी सापडली नाही, तर नवे तेच. स्वतंत्र दाव्यात जाळी, ब्रश, चक्र आणि ही जोडणी यावी. ही जोडणी तंत्रज्ञाला सहज सुचण्यासारखी होती का, हा प्रश्न परीक्षक तरीही विचारणारच. गिअरचे प्रमाण, व्हॉल्व्हचा प्रकार हे तपशील अवलंबित दाव्यांत ठेवावेत. स्वतंत्र दावा टिकला नाही, तर यांतलाच एखादा तपशील त्यात घालून तो वाचवता येतो. जो तपशील अर्जात लिहिलाच नाही, तो नंतर घुसवता येत नाही.

व्यक्तीला ऑनलाइन अर्जासाठी १,६०० रुपये शुल्क आहे. त्यात १० दावे बसतात आणि पुढच्या प्रत्येक दाव्याला ३२० रुपये पडतात. परीक्षणाची विनंती आणि एजंटची फी वेगळी. दावे अजून ठरत नसतील, तर तात्पुरता अर्ज करून तारीख राखता येते. त्यात दावे लागत नाहीत, पण यंत्राचे वर्णन पुरेसे हवे आणि पूर्ण अर्ज १२ महिन्यांत द्यावा लागतो. फिल्टर कृषी प्रदर्शनात मांडायचा किंवा गावातल्या चार शेतकऱ्यांना विकायचा असेल, तर निदान हा तात्पुरता अर्ज त्याआधी दाखल झालेला असावा.